प्रूव्हर नसताना मॅगमीटरची पडताळणी: लायनर, इलेक्ट्रोड आणि अर्थिंग

विद्युतचुंबकीय फ्लो मीटर, म्हणजे ज्याला आपण कामावर मॅगमीटर म्हणतो, तो बरोबर दाखवतो आहे का हे ठरवण्याचा खरा मार्ग म्हणजे तो काढून प्रूव्हरवर, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी मीटरची तुलना करणाऱ्या यंत्रणेवर, किंवा कॅलिब्रेशन रिगवर चढवणे. कोकणात हे सहसा शक्य होत नाही. दीडशे मिलिमीटरचा मीटर उतरवून केरळातील पालक्काडच्या संस्थेत किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या रिगवर पाठवायचा, तर तेवढे दिवस पाणीयोजना बंद ठेवावी लागते किंवा मीटरविना चालवावी लागते. अशा वेळी जागेवरच काय तपासता येते आणि त्या तपासणीतून नेमके काय सिद्ध होते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील एका पंपघरात मी केलेल्या कामाच्या आधाराने येथे लिहीत आहे. पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्या वायरमन, ऑपरेटर किंवा कनिष्ठ अभियंत्याला समोर ठेवून हे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या पद्धतीला पडताळणी म्हणावे, कॅलिब्रेशन म्हणू नये. कारखान्यात मीटर रिगवर तपासून त्याला संकेतावरून प्रवाह काढण्यासाठी एक गुणांक दिलेला असतो. तो गुणांक आतला व्यास, कॉइलचे चुंबकीय क्षेत्र आणि पाण्याला टेकणाऱ्या दोन इलेक्ट्रोडवरून येणारा स्वच्छ संकेत यांवर उभा असतो. या गोष्टी बदललेल्या नाहीत असे दाखवता आले, तर जुना गुणांक अजून लागू आहे असे म्हणायला आधार मिळतो. प्रत्यक्ष प्रवाहाशी केलेली तुलना मात्र यात नसते.

आमची अडचण काय होती

मीटर १५० मिमीचा, हार्ड रबर लायनरचा, म्हणजे आतून रबराचे अस्तर असलेला, आणि स्टेनलेस स्टील ३१६एल इलेक्ट्रोडचा होता, आणि ट्रान्समीटर वेगळा भिंतीवर बसवलेला होता. पंप बंद असतानाही आकडा हलत असे, आणि शेजारचा व्हीएफडीवरचा, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा, पंप सुरू झाला की उडी मारत असे. मी तिथल्या जुन्या ऑपरेटरना विचारले, "काका, हे कधीपासून होतंय?" ते म्हणाले, "साहेब, शिमग्याच्या आधी पाईप बदलला ना, तेव्हापासून." मीटरच्या दोन्ही बाजूंचा गंजलेला लोखंडी पाईप काढून प्रत्येकी १२ मीटर एचडीपीई पाईप टाकला होता. पुढचे सगळे काम या एका वाक्यावरून सुरू झाले, म्हणून मीटर उघडण्यापूर्वी तो रोज पाहणाऱ्या माणसाशी बोलावे.

काय जवळ असावे

कागदपत्रांत मीटरचे कारखान्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, नामपट्टीचा फोटो, निर्मात्याची पुस्तिका आणि ट्रान्समीटरमधील सेटिंगची नोंद हवी. साधनांत १ किलोहर्ट्झवर रेझिस्टन्स मोजणारा एलसीआर मीटर, ५०० व्होल्टचा मेगर, ट्रू आरएमएस मल्टीमीटर, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा छोटा मीटर, इनसाइड कॅलिपर आणि व्हर्नियर, टॉर्च, टॉर्क रेंच आणि नवीन गॅस्केट लागतील. एलसीआर मीटर नसेल तर तो कुठून तरी मागून आणावा. साध्या मल्टीमीटरवर हे काम का होत नाही, ते तिसऱ्या पायरीत येईल.

मीटर जमिनीखालच्या चेंबरमध्ये असेल, विशेषतः सांडपाण्याच्या लाईनवर, तर आत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी आणि वर एक माणूस या दोन्ही गोष्टी सक्तीच्या समजाव्यात.

१. नामपट्टी आणि सेटिंग जुळवा

नामपट्टीवरचा गुणांक, व्यास आणि ट्रान्समीटरमध्ये भरलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. विजेच्या कडकडाटात ट्रान्समीटर जळून नवा बसवला जातो आणि गुणांक मात्र आधीच्या मीटरचा किंवा मूळ सेटिंगचा राहून जातो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. येथेच फरक सापडला तर आधी तो दुरुस्त करावा आणि मगच पुढे जावे.

२. जसा आहे तसा शून्य पाहा

दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून मीटर पाण्याने पूर्ण भरलेला ठेवावा, दहा मिनिटे पाणी स्थिर होऊ द्यावे आणि मग आकडा पाहावा. लो फ्लो कट-ऑफ चालू असेल तर लहान आकडे दाबले जातात आणि शून्य खोटे चांगले दिसते. म्हणून कट-ऑफचे सेटिंग लिहून ठेवून तो तात्पुरता बंद करावा. आमच्याकडे शेजारचा पंप बंद असताना आकडा ताशी उणे ०.६ ते अधिक १.१ घनमीटर असा फिरत होता, आणि पंप सुरू होताच ४ पर्यंत जात होता.

सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. आकडा हलताना दिसला की ट्रान्समीटरमधील झीरो अॅडजस्ट दाबण्याचा मोह होतो. तो दाबू नये. दोष अर्थिंगमध्ये किंवा इलेक्ट्रोडमध्ये असताना शून्य जुळवले, तर तो दोष मीटरमध्ये कायमचा कोरला जातो आणि पुढच्या माणसाला मूळ स्थिती कधीच कळत नाही. व्हॉल्व्ह गळत असेल तर खराखुरा लहान प्रवाह शून्य म्हणून नोंदवला जातो, ही त्यातली दुसरी चूक.

३. भरलेल्या पाईपात इलेक्ट्रोडचे दोन आकडे घ्या

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मीटर न उतरवता सर्वांत जास्त माहिती येथूनच मिळते. ट्रान्समीटरचा पुरवठा बंद करावा आणि इलेक्ट्रोडच्या तारा टर्मिनलवरून सोडवाव्यात. मग एलसीआर मीटर १ किलोहर्ट्झवर ठेवून प्रत्येक इलेक्ट्रोड आणि मीटरच्या बॉडीचे अर्थ टर्मिनल यांमधील रेझिस्टन्स मोजावा. साधा मल्टीमीटर डीसी सोडतो. त्यामुळे इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर ध्रुवीकरण होते, आकडा सेकंदागणिक चढत राहतो आणि कुठला लिहायचा तेच कळत नाही.

किती आकडा यायला हवा, याचा अंदाज आधी काढून ठेवावा. इलेक्ट्रोडच्या तोंडाजवळच्या पाण्याचा रेझिस्टन्स साधारण असा असतो:

```
R = 1 / (2 × σ × d)
```

यात σ ही पाण्याची विद्युतवाहकता आणि d हा इलेक्ट्रोडच्या डोक्याचा व्यास. आमच्या नदीच्या पाण्यात क्षार कमी आहेत. मोजलेली वाहकता ११० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर, म्हणजे ०.०११ सिमेन्स प्रति मीटर होती, आणि इलेक्ट्रोड १० मिमीचा होता. त्यावरून सुमारे ४.५ किलोओहम येतात. विहिरीच्या खारट पाण्यावर हाच आकडा कितीतरी कमी येईल. म्हणून दुसऱ्या ठिकाणचा आकडा डोक्यात ठेवून निष्कर्ष काढू नये.

आमच्याकडे प्रत्यक्षात एका इलेक्ट्रोडवर ३८ आणि दुसऱ्यावर ५२ किलोओहम आले. दोन्ही आकडे अपेक्षेपेक्षा फार मोठे होते आणि एकमेकांपासूनही वेगळे होते. या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी असतात, आणि ती वेगळी काढता आली तर निदान अर्धे झाले असे समजावे.

दोन्ही आकड्यांना जो भाग सामायिक आहे, तो पाणी आणि अर्थ यांच्यामधील रेझिस्टन्स असतो. एचडीपीई पाईप आणि रबर लायनर दोन्ही विद्युतरोधक आहेत. त्यामुळे मीटरमधील पाण्याला अर्थपर्यंत जाण्यासाठी १२ मीटर पाण्यातून वाट काढत पंपाच्या लोखंडापर्यंत, किंवा दुसऱ्या बाजूच्या स्लूस व्हॉल्व्हपर्यंत जावे लागत होते. पाईपचा आतला व्यास सुमारे १४४ मिमी होता. त्यात या पाण्याचा रेझिस्टन्स दर मीटरला साधारण साडेपाच किलोओहम होतो, म्हणजे १२ मीटरला सुमारे ६७ किलोओहम. अशा दोन वाटा समांतर धरल्या की सुमारे ३३ किलोओहम राहतात. त्यात इलेक्ट्रोडचे साडेचार मिळवले की पहिल्या इलेक्ट्रोडचा ३८ चा आकडा जवळजवळ तंतोतंत जुळतो. पहिला इलेक्ट्रोड ठीक होता, अर्थिंग नव्हते. दुसऱ्या इलेक्ट्रोडवरचे १४ जास्तीचे किलोओहम मात्र त्याचे स्वतःचे, म्हणजे त्याच्या तोंडावर बसलेल्या थराचे.

हा तर्क खरा की खोटा, ते लगेच तपासता येते. पंप बंद आणि दाब शून्य असताना आम्ही मीटरजवळच्या प्रेशर गेजच्या छिद्रातून स्टेनलेस स्टीलची सळई पाण्यात सोडली, आणि तिची तार मीटरच्या बॉडीच्या अर्थला जोडली. आकडे ६ आणि २० वर आले. सामायिक भाग गेला, पण १४ चा फरक जसाच्या तसा राहिला.

४. अर्थिंग तपासा, पण योग्य प्रश्न विचारून

अर्थिंग म्हटले की बहुतेक जण अर्थ पिटचा रेझिस्टन्स मोजायला जातात. कोकणात जांभ्याच्या कातळावर एप्रिल-मे महिन्यांत पिट कोरडा पडतो आणि आकडा खराब येतो. मग सगळा दोष त्याच्या माथी मारून मीठ-कोळसा भरला जातो. सुरक्षिततेसाठी पिट चांगलाच असायला हवा. परंतु मॅगमीटरचा प्रश्न वेगळा आहे: पाणी, सेन्सरची बॉडी आणि ट्रान्समीटरचा संदर्भबिंदू हे तिन्ही एकाच विभवावर आहेत का?

ते पाहण्यासाठी इलेक्ट्रोडच्या तारा सुट्या असतानाच, सळई काढून, इलेक्ट्रोड आणि बॉडी यांमध्ये एसी व्होल्टेज मोजले. शेजारचा पंप बंद असताना ०.०८ व्होल्ट आणि चालू असताना २.१ व्होल्ट आले. या मीटरचा स्वतःचा संकेत पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असताना एक मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तो दोन इलेक्ट्रोडमधील फरक म्हणून वाचला जातो, त्यामुळे दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट ट्रान्समीटर बराच कापू शकतो. पण एका इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स ५ आणि दुसऱ्याचा १९ असेल तर गोंगाट दोन्हींवर सारखा राहत नाही, आणि उरलेला फरक प्रवाह म्हणून दिसतो. आमच्याकडे दोन दोष एकमेकांना मदत करत होते. लोखंडी पाईप असेपर्यंत तो थर बहुधा लपूनच राहिला होता.

उपाय म्हणजे मीटरच्या दोन्ही बाजूंना फ्लँजमध्ये ग्राउंडिंग रिंग बसवणे. रिंगचा धातू इलेक्ट्रोडशी जुळणारा असावा, म्हणून येथे ३१६एल घेतला. समुद्राच्या पाण्यावर किंवा क्लोराइड जास्त असलेल्या सांडपाण्यावर ३१६ ला खड्डे पडतात, तेथे हॅस्टेलॉयसारखा धातू लागतो. रिंग, बॉडी आणि ट्रान्समीटरचा अर्थ हे ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने थेट जोडावेत. फ्लँजच्या बोल्टवर विसंबू नये, कारण रंग आणि गंज यांमुळे बोल्टमधून मिळणारा जोड आज आहे तर उद्या नाही. खाऱ्या हवेत साधा तांब्याचा लग लोखंडाला लावला की वर्षभरात हिरवा पडतो. कल्हई केलेला लग वापरून, पृष्ठभाग घासून, कसल्यावर त्यावर पेट्रोलियम जेली लावावी.

पाईपलाईनला कॅथोडिक प्रोटेक्शन असेल तर वरील जोडणी जशीच्या तशी करू नये. तेथे मीटर पाईपपासून विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवावा लागतो, आणि ती पद्धत निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच करावी.

५. लाईन रिकामी करून इन्सुलेशन मोजा

मीटर उतरवल्यावर कॉइल आणि इलेक्ट्रोड दोन्हींच्या तारा ट्रान्समीटरपासून पूर्ण सुट्या आहेत याची स्वतः खात्री करावी. मेगरचे ५०० व्होल्ट ट्रान्समीटरमध्ये गेले तर तो तिथेच संपतो. ट्रान्समीटर सेन्सरवरच बसवलेला असेल तर त्याचा कनेक्टर काढल्याशिवाय मेगर हातातसुद्धा घेऊ नये.

कॉइलचा रेझिस्टन्स प्रमाणपत्रातील आकड्याशी ताडताना तापमान लक्षात घ्यावे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. आमच्या कागदावर २० अंशांना ६८ ओहम होते आणि मीटर ३२ अंशांवर होता, म्हणजे ७१.२ अपेक्षित. मोजलेले ७१.१ आले. कॉइल आणि बॉडी यांमधील इन्सुलेशनही उत्तम होते.

इलेक्ट्रोड ते बॉडी या मोजणीत मात्र मी घाबरलो होतो. पाणी काढून, फडक्याने पुसून मोजले तर दुसऱ्या इलेक्ट्रोडवर फक्त ३ मेगाओहम आले. अपेक्षा १०० मेगाओहमच्या वर असते, आणि एवढा कमी आकडा म्हणजे लायनर फाटला किंवा इलेक्ट्रोडच्या सीलमधून पाणी मागे शिरले असा अर्थ निघतो. पण जूनच्या त्या हवेत रबरावरचा ओलावा डोळ्यांना दिसत नव्हता, हाताला मात्र जाणवत होता. कोमट हवेचा ब्लोअर तासभर लांबून चालवला आणि पुन्हा मोजले, तर ५०० मेगाओहमच्या वर गेला. कोकणातील दमट हवेत पहिल्या आकड्यावरून लायनर बाद ठरवू नये. वाळवूनही आकडा खालीच राहिला, तर मात्र सेन्सर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

टर्मिनल बॉक्सही याच वेळी उघडून पाहावा. ग्लँड वर तोंड करून बसवली असेल तर पावसाचे पाणी केबलवरून सरळ आत उतरते. समजा त्या ओलाव्यामुळे दोन्ही इलेक्ट्रोडच्या तारांमध्ये २०० किलोओहमची गळती झाली, आणि इलेक्ट्रोडचे मिळून २४ किलोओहम आहेत. मग मीटर सुमारे ११ टक्के कमी दाखवेल. इलेक्ट्रोड स्वच्छ करून ते १० वर आणले तरी सुमारे ५ टक्के चूक राहतेच. ग्लँड खाली वळवावी आणि केबलला बॉक्सच्या आधी खाली लोंबणारा वळसा द्यावा.

६. लायनर डोळ्यांनी पाहा आणि मोजा

टॉर्च तिरपी धरून आत पाहिले की फुगवटे, भेगा आणि ओरखडे सावलीमुळे उठून दिसतात. फ्लँजच्या तोंडाशी वळलेली लायनरची कड बोटाने चाचपावी, कारण बोल्ट वाकडेतिकडे कसल्याने ती तेथेच फाटते. टेफ्लॉनचा लायनर निर्वात दाबाला नाजूक असतो. आपल्याकडे टाक्या डोंगरावर आणि पंप खाली असतात. वीज गेली की लाईनमध्ये क्षणभर निर्वात होऊ शकतो आणि लायनर आत ओढला जाऊन फुगवटा येतो. हार्ड रबर धातूला चिकटवलेले असल्याने त्या बाबतीत बरे असते, परंतु पावसाळ्यातील वाळूने ते तळाशी झिजते.

आतला व्यास मध्यभागी आडवा आणि उभा, तसेच दोन्ही तोंडांकडे मोजावा. झिजेचा परिणाम किती होतो, हे पुष्कळ जण चुकीचे धरतात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून १ टक्का व्यास वाढला की २ टक्के चूक होईल असे वाटते. प्रत्यक्षात वेग २ टक्क्यांनी घटतो, पण इलेक्ट्रोडमधील अंतर १ टक्क्याने वाढते, आणि संकेत या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो. म्हणून मीटर १ टक्का कमी दाखवतो. आमच्याकडे मूळ व्यास १४६.० होता. मोजलेला आडवा १४६.१ आणि उभा १४६.६ मिमी आला. सरासरी वाढ ०.३५ मिमी, म्हणजे चूक पाव टक्क्याच्या आत. लायनर ठेवला.

७. इलेक्ट्रोड स्वच्छ करा

दुसऱ्या इलेक्ट्रोडवर तांबूस, मेणासारखा थर होता. नखाने ओढला तर त्यावर रेघ उमटत होती. ५ टक्के सायट्रिक आम्लात भिजवलेले मऊ कापड दहा मिनिटे त्यावर ठेवले आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुतले. सँडपेपर लावू नये. त्याचे ओरखडे पुढच्या थराला धरून ठेवतात. तेलकट कापडही लावू नये, कारण तेलाची पातळ झिल्लीसुद्धा इलेक्ट्रोडला पाण्यापासून तोडते. स्वच्छ केल्यावर इलेक्ट्रोडच्या कडेला भिंगाने पाहावे. तेथे खड्डे किंवा सीलभोवती काळी रेघ दिसली तर पाणी मागे जात असल्याची शक्यता असते.

८. जोडणी करून पुन्हा तेच आकडे घ्या

रिंग आल्या की गॅस्केटची संख्या दुप्पट होते, आणि एखादे आत डोकावले तर प्रवाहाचा आकारच बिघडतो. म्हणून प्रत्येक गॅस्केट मध्यावर आहे हे पाहूनच बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने कसावेत. पाईप भरून हवा काढल्यावर आमचे आकडे ४.८ आणि ५.१ किलोओहम आले. शेजारचा पंप चालू असताना बॉडीशी व्होल्टेज ०.०२ व्होल्ट राहिले. शून्य अधिक-उणे ०.१ घनमीटरच्या आत आले, तेही अॅडजस्टला हात न लावता. लो फ्लो कट-ऑफ परत पूर्वीच्या आकड्यावर ठेवायला विसरू नये.

शेवटी एक ढोबळ ताळा म्हणून ८ मीटर बाय ६ मीटरच्या टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून पाणी चढवले. पातळी १.०२ मीटर वाढली, म्हणजे ४८.९६ घनमीटर. मीटरच्या बेरजेत ४९.५ आले. फरक १.१ टक्के होता. टाकीच्या भिंती, पातळीची पट्टी आणि व्हॉल्व्हची गळती धरता या ताळ्यात दोनेक टक्के अनिश्चितता असतेच, त्यामुळे यावरून गुणांक बदलू नये. हा ताळा दहा टक्क्यांची चूक पकडण्यासाठी आहे, अर्ध्या टक्क्याची नव्हे.

९. नोंदीत काय लिहावे

आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत: पाण्याची वाहकता आणि तापमान, दोन्ही इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स, बॉडीशी एसी व्होल्टेज, इन्सुलेशन, कॉइल, व्यास आणि शून्य. वाहकता लिहिली नाही तर पुढच्या वर्षी आलेला इलेक्ट्रोडचा आकडा पावसाळ्याच्या पाण्याने बदलला की थराने, हे सांगता येणार नाही. शेऱ्यात "कॅलिब्रेशन केले" असे न लिहिता "लायनर, इलेक्ट्रोड, कॉइल व अर्थिंग यांची जागेवर पडताळणी केली, गुणांक बदलला नाही" असे लिहावे. बिलाच्या वादात किंवा कराराच्या मोजणीत अचूकतेचे प्रमाणपत्र मागितले गेले, तर मीटर रिगवर पाठवावाच लागेल.

आमच्या मीटरचे इलेक्ट्रोडचे आकडे आता दर तीन महिन्यांनी घेतले जातात. पावसाळा संपल्यावर दुसरा इलेक्ट्रोड ७ किलोओहमवर गेला होता आणि पहिला ५ वरच होता. थर पुन्हा बसू लागला आहे, म्हणून दिवाळीनंतरच्या बंदमध्ये तो धुण्याचे ठरले आहे.